शहर बदलताना: गेलेले पैसे आणि अडकलेले पैसे

दुसऱ्या शहरात बिऱ्हाड हलवायला किती खर्च येतो, असं कुणी विचारलं की उत्तरात एकच यादी येते: पॅकर्स, ट्रक, ब्रोकरेज, डिपॉझिट, पहिलं भाडं, पडदे, बादल्या. खाली बेरीज, आणि बेरजेला नाव ‘एकूण खर्च’. ही यादी मी इतक्यांदा पाहिली आहे की आता ती समोर आली की पहिल्यांदा डिपॉझिटवर काट मारतो. त्या बेरजेत दोन निराळ्या रकमा एकत्र कालवलेल्या असतात. एक, या बदलीत आपल्याकडून कायमची गेलेली रक्कम. दुसरी, त्या महिना-दीड महिन्यात हाताशी असावी लागणारी रक्कम. पहिलीवरून नोकरी घ्यावी की नाही ते ठरतं, दुसरीवरून एफडी मोडावी लागेल की नाही ते ठरतं. एकीचं काम दुसरीवर सोपवलं की दोन्ही निर्णय चुकतात.

माझा भाचा गेल्या वर्षी पुण्याहून बेंगळुरूला गेला. नवरा-बायको, एक लहान मुलगी, टू बीएचकेचं सामान. आमच्या जेवणाच्या टेबलावर त्याने वही उघडली. पान भरून यादी होती आणि खाली दोनदा अधोरेखित केलेला आकडा: 4,23,500. “मामा, सव्वाचार लाख लागतायत आणि कंपनी जास्तीत जास्त दीड लाख देणार. मग पगारवाढीत उरलं काय? नको म्हणून सांगतो त्यांना.” बेरीज बरोबर होती, पण तो तिला जे समजत होता ते ती नव्हती.

मी पानावर मधोमध उभी रेघ मारली. डावीकडे लिहिलं ‘गेले’, उजवीकडे ‘हाताशी’. यादीतली प्रत्येक ओळ आम्ही पुन्हा लिहून काढली.

पॅकर्सबद्दल फार सांगायला नको, ते सगळ्यांना ठाऊक असतं. पॅकिंग, चढवणं-उतरवणं, ट्रकभाडं, वर 18 टक्के जीएसटी आणि विमा मिळून त्याचे 51,000 होते. माझा आग्रह एवढाच की विम्याचे पैसे वाचवू नका आणि सामानाची किंमत खरी लिहा. वाहतुकीच्या पावतीवर, म्हणजे बिल्टीवर, ‘मालकाच्या जोखमीवर’ असं छापलेलं असेल तर फुटलेल्या टीव्हीसाठी भांडणं अवघड होतं. ब्रोकरेज एक महिन्याचं भाडं, 40,000. प्रवास आणि दोन रात्रींचं हॉटेल 12,000. करारनाम्याचे 1,500. नव्या घरात लागलेल्या वस्तू 35,000. या शेवटच्या आकड्याला लोक हसतात, पण पुण्याचे पडदे तिथल्या खिडक्यांना बसत नाहीत, एसी काढून पुन्हा बसवायचा असतो, पाण्याचा फिल्टर जोडायचा असतो आणि मिठापासून झाडूपर्यंत सगळं एकदम भरायचं असतं. या पाचही ओळी दोन्ही रकान्यांत जातात, त्यात वाद नाही.

वाद सुरू होतो तो डिपॉझिटपाशी. पुण्यात दोन-तीन महिन्यांचं डिपॉझिट चालतं. बेंगळुरूत एकेकाळी दहा महिन्यांचं सर्रास मागायचे, आता बऱ्याच ठिकाणी पाच-सहावर येतात. केंद्र सरकारच्या 2021 च्या आदर्श भाडेकरू कायद्यात राहत्या घरासाठी दोन महिन्यांची मर्यादा आहे, पण तो राज्यांसाठी नमुना आहे. राज्याने स्वीकारल्याशिवाय तो घरमालकापुढे ठेवून उपयोग नाही. भाच्याचं नवं भाडं 40,000, मेंटेनन्स वेगळा 4,000, आणि डिपॉझिट सहा महिन्यांचं, म्हणजे 2,40,000. सव्वाचार लाखांतला निम्म्याहून मोठा तुकडा हाच.

गॅसच्या सिलिंडरचं डिपॉझिट आपण कधी ‘गॅसचा खर्च’ म्हणून धरतो का? शहर सोडताना सिलिंडर आणि रेग्युलेटर जमा केला की एजन्सी डिपॉझिट परत देते आणि एक व्हाउचर देते. ते दाखवून नव्या गावी कनेक्शन घेतात. हे आपल्या आईलाही माहीत असतं. घराचं डिपॉझिट त्याच जातीचं आहे. पैसे आपलेच राहतात, फक्त दुसऱ्याच्या कपाटात. त्याचा खरा खर्च म्हणजे बुडालेलं व्याज. साडेसहा टक्क्यांनी 2,40,000 वर ते वर्षाला 15,600 होतं, आणि तेही तिथे राहण्याच्या खर्चात धरायचं, सामान हलवण्याच्या नाही.

म्हणून पहिल्या फेरीत डिपॉझिट मी फक्त ‘हाताशी’मध्ये टाकलं. पण इथे शहराची रीत ठाऊक असावी लागते. बेंगळुरूत घर सोडताना रंगकामाच्या नावाखाली एक महिन्याचं भाडं डिपॉझिटमधून कापायची पद्धत आहे आणि अनेक करारांत ती स्पष्ट लिहिलेली असते. भाच्याच्या करारातही होती. भिंती कितीही स्वच्छ ठेवल्या तरी हे 40,000 परत येणार नाहीत. मग ते आजच गेले असं धरायला हवं. डिपॉझिट आपण दोन ठिकाणी विभागलं: 2,40,000 हाताशी हवेत, त्यांतले 40,000 गेले. ‘डिपॉझिट परत मिळतं’ हे अर्धवट वाक्य आहे. किती परत मिळतं आणि किल्ली दिल्यापासून किती दिवसांत, हे करारात शब्दांत लिहून घ्या आणि रक्कम बँकेतूनच द्या. घर ताब्यात घेतल्याच्या दिवशी प्रत्येक खोलीचे, नळांचे आणि फरशीचे फोटो काढून मालकाला पाठवून ठेवा, म्हणजे जुनी चीर तुमच्या नावावर पडत नाही.

टोकनचाही असाच घोळ होतो. घर ‘धरून ठेवायला’ दिलेले 20,000 डिपॉझिटमध्ये वळते होणार होते, तरी भाच्याने ते वेगळ्या ओळीत पुन्हा लिहिले होते. ती ओळ मी खोडली, पण घाईत केलेल्या बेरजेत त्याने ती आधीच सोडून दिलेली असल्यामुळे खालचा आकडा तोच राहिला.

आता पहिल्या महिन्याचं भाडं. हे सगळेच जण शहर बदलण्याच्या खर्चात लिहितात आणि मला त्याचा खरोखर त्रास होतो. भाडं तर पुण्यातही भरतच होतो. ते राहण्याचे पैसे आहेत, हलवण्याचे नाहीत. मेंटेनन्स धरून 44,000 द्यावे लागतात म्हणून ‘हाताशी’मध्ये हवेत. ‘गेले’मध्ये त्यांचं काम नाही.

उलट जे पैसे ‘गेले’मध्ये हवेत ते यादीत कुणीच लिहीत नाही: दोन घरांचं भाडं एकाच वेळी चालू असतं ते. पुण्याच्या घराची नोटीस 30 जूनपर्यंत होती आणि भाचा 16 जूनला निघाला. पुढचे पंधरा दिवस पुण्याचं घर रिकामं, भाडं मात्र पूर्ण 25,000 गेलेलं. त्यातले 12,500 निव्वळ बदलीमुळे वाया गेले. जूनचं भाडं महिन्याच्या सुरुवातीला नेहमीसारखं पगारातून दिलं होतं, म्हणून हाताशी नवे पैसे लागले नाहीत. ही ओळ फक्त डावीकडे.

डावीकडची बेरीज अशी झाली: पॅकर्स, ब्रोकरेज, प्रवास, करार, वस्तू आणि रिकाम्या घराचं भाडं मिळून 1,52,000. त्यात रंगकामाचे 40,000. एकूण 1,92,000. उजवीकडे 4,23,500 तसेच. एका पानावर दोन उत्तरं, आणि दोन्ही खरी.

यानंतर कंपनीचा प्रश्न सरळ झाला. दीड लाखाची मर्यादा होती, पण पैसे बिलं दिल्यावरच मिळणार होते आणि पॅकर्स, ब्रोकरेज, प्रवास एवढंच त्यात बसत होतं. म्हणजे 1,03,000. डिपॉझिटसाठी कंपनी एक रुपया देणार नव्हती, आणि पैसे परत येणार असतील तर तिने का द्यावेत? ब्रोकरची पावती मात्र मागून घ्यावी लागली. ब्रोकर रोख मागतात आणि पावतीचं नाव काढलं की चेहरा बदलतात. पावतीशिवाय 40,000 रुपये डावीकडून हलणार नव्हते. ती मिळाल्यावर खिशातून जाणारी रक्कम उरली 89,000. रुजू झाल्यावर मिळणाऱ्या पगारवाढीत ती किती महिन्यांत भरून निघेल, हे गणित त्याने स्वतःच केलं आणि होकार कळवला.

पण डावीकडच्या या आकड्यांकडे पाहून ‘मग दोन लाख बाजूला ठेवले की झालं’ असं म्हणणं ही तितकीच मोठी चूक झाली असती. इथे लोक खरे अडकतात. पैसे जाण्याच्या आणि येण्याच्या तारखा जुळत नाहीत. डिपॉझिट, ब्रोकरेज, भाडं आणि ट्रक हे सगळं जूनच्या मध्यावर एका आठवड्यात द्यायचं. पुण्याचं डिपॉझिट किल्ली दिल्यानंतर येणार. अनेक कंपन्यांत महिन्याच्या उत्तरार्धात रुजू झालेल्याचा पहिला पगार पुढच्या महिनाअखेरीस होतो, आणि बिलांचे पैसे त्याहून उशिरा. ज्यांनी फक्त खर्च मोजलेला असतो ते अशा वेळी क्रेडिट कार्ड ओढतात. कार्डाचं व्याज महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास पडतं, म्हणजे तीन महिने थकलेल्या दोन लाखांवर एकवीस हजार. तो खर्च कुठल्याच यादीत नसतो. भाच्याने एक एफडी मोडली, त्यावर अर्धा टक्का व्याज कमी झालं, तेवढंच.

एक गोष्ट त्याला शेवटपर्यंत पटवावी लागली. पुण्याचं 75,000 चं डिपॉझिट परत येणार म्हणून तो ते खर्चातून वजा करत होता. “मामा, येणारच आहेत ना ते?” येणार आहेत, पण ते तुझेच होते. बेंगळुरूचं डिपॉझिट खर्च नसेल तर पुण्याचं डिपॉझिट ही कमाईही नाही. दोन्हीकडे एकच नियम लावायचा. ते पैसे उजव्या रकान्यातली खाच भरायला येतात, डाव्या रकान्याला हातही लावत नाहीत.

9 जुलैला पुण्याचे पैसे आले, 71,000. स्वयंपाकघरातल्या ट्रॉलीचं एक चाक मोडलं होतं आणि सफाईचे वेगळे धरून मालकाने 4,000 कापले होते. भाच्याने मला वहीच्या पानाचा फोटो पाठवला. डावीकडे त्याने स्वतःच शेवटची ओळ वाढवली होती आणि 1,92,000 खोडून 1,96,000 केले होते.