हसू नंतर चिकटवलंय, हे फोटोलाच विचारता येईल का?

२८ मे २०२३ चा दिल्लीतला तो सेल्फी बऱ्याच जणांना आठवत असेल. विनेश फोगाट आणि संगीता फोगाटला कुस्तीपटूंच्या आंदोलनाच्या वेळी पोलिसांनी ताब्यात घेतलं होतं, बसमधे बसवलेलं, आणि थोड्याच वेळात एक फोटो सगळीकडे फिरायला लागला ज्यात सगळे मस्त दात दाखवून हसतायत. "बघा यांची नाटकं" म्हणत लोकांनी धडाधड फॉरवर्ड केला. मूळ सेल्फीत चेहरे गंभीर होते, हसू नंतर सॉफ्टवेअरने बसवलेलं. दोन्ही फोटो शेजारी शेजारी ठेवले की बस तीच, कपडे तेच, बसायची पद्धत तीच, बदललेत फक्त ओठ आणि गाल.

पण हे पकडलं गेलं कारण मूळ फोटो हाताशी होता. तो नसता तर काय केलं असतं, हा प्रश्न माझ्या डोक्यातून जात नाही.

फोटोच्या फाइलमधे तारीख, कॅमेऱ्याचं मॉडेल, सॉफ्टवेअरचं नाव अशी माहिती असते हे आपल्याला माहितीय, पण ती कुणीही बदलू शकतं आणि बदलली तर कळतही नाही. म्हणून २०२१ मधे अडोबी, मायक्रोसॉफ्ट, बीबीसी, इंटेल वगैरे मंडळींनी मिळून सीटूपीए नावाचं एक स्टँडर्ड करायला घेतलं. त्यातून जे फोटोला जोडलं जातं त्याला कंटेंट क्रेडेन्शियल्स म्हणतात. मला हे सातबाऱ्यासारखं वाटतं, म्हणजे जमीन कुणाची आणि तिच्यावर कायकाय फेरफार झाले याची सहीनिशी नोंद, फक्त इथे ती नोंद फोटोच्याच आत राहते.

सही कशी होते बघा. क्लिक केल्याकेल्या फोन किंवा कॅमेरा फोटोच्या डेटाचा एक ठसा काढतो, `SHA-256` नावाच्या गणिताने, ६४ अक्षर-आकड्यांचा. फोटोतला एक पिक्सेल जरी बदलला तरी हा ठसा पूर्ण वेगळा येतो, थोडासा नाही, पूर्ण. मग हा ठसा, वेळ, आणि "हे कॅमेऱ्याने टिपलंय" अशी नोंद एकत्र करून त्यावर डिजिटल सही होते. सही करायची गुप्त किल्ली डिव्हाइसच्या आत सुरक्षित ठेवलेली असते, आणि सही बरोबर आहे का हे सोबतच्या सर्टिफिकेटवरून कुणालाही तपासता येतं.

आता समजा त्या सेल्फीच्या फोनमधे ही सोय असती. पहिल्या नोंदीत `digitalCapture` लिहिलं असतं. कुणी ॲपमधे हसू बसवलं आणि ते ॲप हे स्टँडर्ड पाळणारं असेल तर ते जुनी नोंद पुसत नाही, तिच्यावर नवीन नोंद चढवतं, "एडिट केलंय" आणि सोबत `compositeWithTrainedAlgorithmicMedia`, म्हणजे खऱ्या फोटोत एआयने बनवलेला भाग मिसळलाय. बऱ्याचदा आधीच्या फोटोचा छोटा थंबनेलही आत राहतो, म्हणजे तपासणाऱ्याला हसण्याआधीचा चेहरा सरळ दिसला असता! आणि कुणी हुशारी करून पिक्सेल बदलले पण जुनी सही तशीच ठेवली, तर ठसा जुळत नाही आणि तपासणारं सॉफ्टवेअर लगेच सांगतं की सही झाल्यावर यात काहीतरी बदललंय.

तिसरी शक्यता मात्र रोजची आहे. स्क्रीनशॉट काढला की झालं, तो नवीन फोटो, त्यात जुनी नोंद नाहीच. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवला की तो दाबून लहान होतो आणि आतली माहिती गळून पडते. त्यामुळे आपल्यापर्यंत जो फॉरवर्ड येतो त्याचा सातबारा बहुतेक वेळा वाटेतच हरवलेला असतो, आणि लबाडी करणाऱ्याला तर तेच हवं असतं.

इथे अदृश्य वॉटरमार्क कामाला येतो, कारण तो फाइलला चिकटवलेला नसतो, पिक्सेलमधेच मुरवलेला असतो. एक साधं उदाहरण घेऊ. दहा लाख पिक्सेलचा फोटो, प्रत्येकाचा ब्राइटनेस ० ते २५५ मधला. माझ्याकडे एक गुप्त यादी आहे ज्यात अर्ध्या पिक्सेलपुढे प्लस आणि अर्ध्यांपुढे मायनस लिहिलंय, सगळं रँडम. प्लसवाल्यांचा ब्राइटनेस मी १ ने वाढवला, मायनसवाल्यांचा १ ने कमी केला. डोळ्याला काहीच दिसत नाही. नंतर ओळखायचं असेल तेव्हा प्लसवाल्या सगळ्यांची बेरीज करायची आणि त्यातून मायनसवाल्यांची बेरीज वजा करायची. साध्या फोटोत उत्तर शून्याच्या आसपास येतं, इकडेतिकडे पन्नासेक हजाराचा फरक धरा. माझ्या फोटोत मात्र त्यात दहा लाखांची भर पडलेली असते, वीसपट! अर्धा फोटो कापून टाकला तरी उरलेल्या भागात पाच लाख उरतात आणि नुसता योगायोगाचा फरक तेव्हाही त्याच्या मानाने खूपच कमी असतो. एकेका पिक्सेलकडे बघून काही कळणार नाही, पण लाखो कुजबुजी एकत्र केल्या की आवाज स्पष्ट ऐकू येतो. मला यातली ही गोष्ट फार आवडते.

खऱ्या वापरात इतकं सोपं चालत नाही, कारण फोटो दाबताना सगळ्यात आधी हे बारीक बदलच उडतात आणि फोटो लहानमोठा केला तर यादी कुठल्या पिक्सेलला लावायची तेच कळत नाही. म्हणून आता खूण घालायला एक आणि ओळखायला एक अशी दोन न्यूरल नेटवर्क्स वापरतात, आणि मधे मुद्दाम फोटो कापून, दाबून, रंग बदलून त्यांना तयार करतात. गूगल डीपमाइंडचं २०२३ मधे आलेलं सिंथआयडी याच जातीचं. पण ते मुख्यतः गूगलच्या टूलने बनवलेलं किंवा एडिट केलेलं ओळखतं, दुसऱ्या कुठल्या ॲपने हसू बसवलं असेल आणि त्या ॲपने खूणच घातली नसेल तर काहीच सापडणार नाही. "काही सापडलं नाही" म्हणजे "फोटो खरा" असं अजिबात नाही, ही चूक खूप जण करतात आणि ती घातक आहे. शिवाय जोरात ब्लर केलं किंवा दुसऱ्या एआयमधून फोटो पुन्हा काढून घेतला तर खूण पुसटही होऊ शकते.

दोन्हींची सांगड घातली की जास्त जमतं. वॉटरमार्कमधे फक्त एक नंबर मुरवायचा, आणि सही केलेली पूर्ण नोंद सर्व्हरवर ठेवायची. मग स्क्रीनशॉट असला तरी पिक्सेलमधून नंबर वाचून हरवलेला सातबारा परत मिळवता येतो.

सही असली तरी ती कशाची आहे हे नीट समजून घ्यायला लागतं. खोट्या फोटोचा प्रिंट भिंतीवर लावून कॅमेऱ्याने टिपला तर सही खरीच होईल, कारण कॅमेऱ्याने खरंच ते टिपलंय. २०२५ मधे निकॉनच्या झेडसिक्स थ्री कॅमेऱ्यात याहून मोठी फट सापडली: एकावर एक एक्सपोजर घ्यायच्या सोयीतून बाहेरची, सही नसलेली फ्रेम आत घेता येत होती आणि त्यावर कॅमेरा स्वतःची सही करून देत होता. निकॉनने सेवा थांबवली आणि दिलेली सर्टिफिकेट्स रद्द केली. म्हणजे ज्यांनी प्रामाणिकपणे फोटो काढले होते त्यांच्या सह्याही सोबत गेल्या, आणि मला याचंच जास्त वाईट वाटतं.

तपासायचं असेल तर आलेल्या फॉरवर्डवर वेळ घालवू नका, ज्याने फोटो काढला त्याच्याकडून मूळ फाइल डॉक्युमेंट म्हणून मागवा आणि मग संगणकावर c2patool हे सीटूपीएच्या नोंदी वाचणारं टूल बसवून हे चालवा:

```
c2patool selfie.jpg
```

नोंद असेल तर फोटो कुठे जन्मला आणि पुढे त्यात कायकाय झालं ते ओळीने दिसतं. त्या बसमधल्या सेल्फीत मात्र काहीच दिसलं नसतं, कारण ही सही करणारा पहिला कॅमेरा, लायकाचा एम इलेव्हन पी, बाजारात आला तो ऑक्टोबर २०२३ मधे, म्हणजे त्या सेल्फीनंतर पाच महिन्यांनी.