पार्श्वभूमी : ५/४ म्हणजे पाच एप्रिल की चार मे?

‘चैत्र शुद्ध पंचमी’ कुणी उलटी वाचू शकत नाही. महिना नावाने लिहिला जाई तोवर दिवस आधी की महिना आधी, हा प्रश्नच नव्हता. महिना आकड्यात आला आणि घोळाला जागा झाली. इंग्रजी अमलाच्या वळणाने आपण दिवस आधी लिहितो, अमेरिकेत महिना आधी. १९८८ साली आयएसओ ८६०१ या आंतरराष्ट्रीय मानकाने वर्ष-महिना-दिवस असा क्रम ठरवून दिला खरा, पण पेटीत आधीच पडलेल्या कागदांना त्याचा काय उपयोग?

बडोद्याला दांडिया बाजारातल्या आमच्या घरी अशीच एक पेटी आहे. तिच्यातल्या १९८७ च्या एप्रिलच्या दुधाच्या वहीचा फोटो काढून संगणकाकडून मजकूर वाचून घेतला. आकडे अचूक उतरले. गडबड झाली ती पुढच्या पायरीला, मजकुराची तारीख करताना. पायथन भाषेतले तारखा ओळखणारे `dateutil` सांगितले नाही तर महिना आधी धरते, आणि पहिला आकडा बारापेक्षा मोठा निघाला की गुपचूप क्रम बदलते. त्यामुळे १३ ते ३० एप्रिल जागेवर राहिले आणि पहिले बारा दिवस वर्षभर विखुरले: १ एप्रिलचे दूध ४ जानेवारीला, १२ एप्रिलचे ४ डिसेंबरला. दर महिन्याच्या चार तारखेला एकेक नोंद! ही खूण दिसली की अदलाबदल झालीच समजा. त्यातली ४ एप्रिलची नोंद तेवढी बरोबर, कारण ती उलटी केली तरी तीच.

पायथनमधलेच, तक्ते हाताळणारे `pandas` सुद्धा पूर्वी प्रत्येक तारखेचा असाच स्वतंत्र अंदाज बांधायचे. २०२३ च्या २.० आवृत्तीपासून ते पहिल्या नोंदीवरून क्रम ठरवते आणि पुढची जुळली नाही तर चूक दाखवून थांबते. थांबणे बरे, पण पानावर सगळ्याच तारखा बाराच्या आतल्या असतील तर तेही थांबणार नाही.

म्हणून मी वाचलेला मजकूर जसाच्या तसा वेगळा ठेवतो. क्रम आणि तो ठरवण्याचे कारण शेजारी लिहितो. दुधाच्या वहीत त्याच हाताने `17/04/1987` लिहिले आहे, तेव्हा कारण सरळ आहे. न्यू जर्सीच्या काकांच्या पत्राचे तसे नाही. ते तिकडे नवे होते, कुठल्या सवयीने लिहिले कोण जाणे. तिथे दोन्ही शक्यता राहू देतो. आयएसओ ८६०१च्या २०१९ सालच्या दुसऱ्या भागात ‘यांपैकी एक’ असे लिहायला चौकटी कंस दिले आहेत:

```
raw:   05/04/1987
order: unknown
date:  [1987-04-05,1987-05-04]
```

वर्षात अशा दुहेरी तारखा १३२ येतात, म्हणजे हा काही क्वचितचा प्रकार नव्हे.

पाकिटावरच्या टपालाच्या शिक्क्यात महिना अक्षरांत असतो, त्यावरून निकाल लागला असता. पण तिकिटे जमवायच्या नादात लहानपणी तो तुकडा मीच कापून घेतला होता.