बोललेलं आणि लिहिलेलं एकाच डोक्यातलं आहे का?

गेल्या पावसाळ्यात मी एका ऑनलाइन अभ्यासक्रमात नद्या आणि पूर हा भाग शिकवत होतो. विद्यार्थी बहुतेक पुण्यातले, म्हणून प्रश्नही पुण्याचाच दिला: 25 जुलै 2024 ला खडकवासल्यातून पाणी सोडल्यावर सिंहगड रोडच्या एकतानगरीत पाणी शिरलं, त्याला एकटं धरणच कारणीभूत होतं का? प्रत्येकानं आठवडाभरात शंभर-दीडशे शब्दांत आपलं मत लेखी मांडायचं होतं.

एका विद्यार्थिनीच्या उत्तरातलं पहिलंच वाक्य असं होतं: 'शहरीकरणामुळे भूपृष्ठाची पारगम्यता घटते व परिणामी पृष्ठवाहाचे प्रमाण लक्षणीयरीत्या वाढते.' पुढची पाच वाक्यंही याच वळणाची. मला शंका आली. चार दिवसांनी व्हिडिओवर समोरासमोर बोलायची तिची पाळी होती. तेव्हा ती म्हणाली, 'सर, आधी कसं, निम्मं पाणी जमिनीतच मुरायचं. आता आमच्या सोसायटीत पण सगळीकडे पेव्हर ब्लॉक टाकलेत. मग ते पाणी जाणार कुठं? नाल्यातून सरळ नदीत. आणि नदीत तर वरून सोडलेलं आधीच असतं.'

दोन्ही वाक्यांत एकही महत्त्वाचा शब्द सारखा नाही. विचार मात्र तोच आहे. मग लेखी उत्तर तिनं लिहिलं की चॅटजीपीटीसारख्या यंत्रानं?

नुसता मजकूर वाचून हे सांगायचे प्रयत्न झाले आहेत आणि ते फसले आहेत. ओपनएआय कंपनीनं जानेवारी 2023 मध्ये स्वतःचंच एक ओळखयंत्र काढलं. ते यंत्रलिखित मजकुरापैकी 26 टक्केच पकडत होतं आणि माणसांनी लिहिलेल्यापैकी 9 टक्क्यांवर खोटा आळ घेत होतं. त्याच वर्षी जुलैत ते मागे घेतलं गेलं. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी 2023 मध्येच अशी सात ओळखयंत्रं तपासली. इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांच्या परीक्षेतल्या निबंधांपैकी सरासरी निम्म्याहून जास्त निबंध त्यांनी यंत्राचे ठरवले. साधे शब्द आणि ठरावीक रचना वापरणाऱ्याचं लेखन या यंत्रांना 'अपेक्षित' वाटतं, आणि अपेक्षित म्हणजे यंत्राचं असा त्यांचा हिशेब असतो. परकी भाषा जपून लिहिणारा प्रत्येक विद्यार्थी त्यात अडकतो.

म्हणून दुसरी वाट सुचते: मजकूर एकटा तपासायचा नाही, त्याच विद्यार्थ्याच्या समोरासमोरच्या बोलण्याशी ताडून पाहायचा. पण ताडायचं काय, इथंच बहुतेक जण चुकतात.

पहिला मोह शैलीचा असतो. लेखकाची शैली मोजायचं शास्त्र जुनं आणि भक्कम आहे. अमेरिकेत 1787-88 मध्ये टोपणनावानं छापून आलेल्या 85 राजकीय लेखांपैकी 12 लेख हॅमिल्टन आणि मॅडिसन या दोन नेत्यांपैकी कुणाचे, हा वाद मोस्टेलर आणि वॉलेस या संख्याशास्त्रज्ञांनी 1964 मध्ये किरकोळ शब्द मोजून सोडवला. 'अपॉन' हा शब्द हॅमिल्टन हजार शब्दांत तीनेक वेळा वापरत असे, मॅडिसन क्वचितच. अशा सवयी लिहिणाऱ्याच्या नकळत हातातून उतरतात, म्हणून त्या खुणा विश्वासाच्या.

पण त्या वादात दोन्हीकडे लेखनच होतं आणि मोजायला हजारो शब्द होते. आपल्याकडे एका बाजूला दीडशे शब्दांचं लेखन आणि दुसऱ्या बाजूला तीन मिनिटांचं बोलणं, म्हणजे फार तर साडेतीनशे-चारशे शब्द. त्यात मराठीची आणखी एक गोष्ट. आपण बोलताना 'केलं, झालं, सांगितलं' म्हणतो आणि उत्तरपत्रिकेत 'केले, झाले, सांगितले' लिहितो. बोलण्यातला 'पण' कागदावर 'परंतु' होतो, 'आणि'चा 'व' होतो, 'म्हणून'चं 'परिणामी' होतं. शाळेनं आपल्याला हेच शिकवलेलं असतं. किरकोळ शब्दांच्या मोजणीवर विसंबलं तर वर्गातला जवळजवळ प्रत्येक जण स्वतःच्याच उत्तराचा परका लेखक ठरेल. शैलीवरून निकाल देणारी पद्धत मराठी वर्गात वापरू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

लिहिताना भाषा बदलते, पण माणसाला समजलेली गोष्ट तीच राहते: कोणतं कारण आधी येतं, कोणतं उदाहरण आठवतं, कशाचा कशाशी संबंध जोडला जातो. ताडून पाहायचं ते हे.

त्यासाठी बोलण्याचा आधी मजकूर करावा लागतो. मग लेखन आणि बोलणं, दोन्हींचं प्रत्येक वाक्य अशा प्रारूपातून काढायचं जे वाक्याचा अर्थ आकड्यांच्या माळेत बदलतं. गूगलच्या संशोधकांनी 2020 मध्ये मांडलेलं LaBSE हे असंच एक प्रारूप. ते मराठीसह 109 भाषांतल्या वाक्यांना प्रत्येकी 768 आकड्यांची माळ देतं. अर्थ जवळचा असेल तर दोन माळा जवळजवळ एकाच दिशेला रोखलेल्या असतात, शब्द किंवा भाषा वेगळी असली तरीही. ही जवळीक एका आकड्यात मांडता येते. तो 1 च्या जितका जवळ, तितका अर्थ जवळचा. मुलांनी इंग्रजीत लिहून मराठीत बोललेलं असलं तरी तुलना जमते, हा यातला मोठा फायदा.

आता समजा, त्या विद्यार्थिनीच्या लेखी उत्तरातल्या प्रत्येक वाक्याला तिच्या बोलण्यातलं सर्वांत जवळचं वाक्य शोधून दिलं आणि त्या जवळिकींची सरासरी आली 0.66. हा आकडा चांगला की वाईट? एकट्या आकड्यावरून काहीच कळत नाही. सगळा वर्ग एकाच पुराबद्दल बोलतोय. पाणी, नदी, धरण, काँक्रीट सगळ्यांच्याच तोंडी आहे. विषय एक असल्यानं कुणाचंही बोलणं कुणाच्याही लेखनाशी बऱ्यापैकी जुळणारच.

यावरचा उपाय लेखकत्वाच्या संशोधनात 'तोतयांची पद्धत' म्हणून ओळखला जातो आणि तो मला फार आवडतो. तिचं बोलणं तिच्या उत्तराशी ताडायचंच, शिवाय वर्गातल्या बाकी 29 जणांच्या उत्तरांशीही ताडायचं. हे 29 जण म्हणजे तोतये. समजा, त्यांच्याशी आलेले आकडे 0.48 ते 0.63 च्या दरम्यान आहेत. मग तिचं स्वतःचं 0.66 सगळ्यांत वर बसतं. उत्तर तिच्या डोक्यातलं नसतं, तर ते तीस जणांत योगायोगानं पहिलं येण्याची शक्यता तिसात एक. दुसऱ्या एखाद्याचाही आकडा 0.66 च असेल, पण वर्गातल्या चौदा जणांची उत्तरं त्याच्या बोलण्याशी त्याहून जास्त जुळत असतील, तर गोष्ट वेगळी. त्याच्या लेखनात त्याचं असं काही दिसत नाही. यंत्राला तोच प्रश्न घातला की साधारण तीच चार कारणं त्याच क्रमानं येतात. असं उत्तर सगळ्यांच्या बोलण्याशी थोडंथोडं जुळतं आणि कुणाशीच घट्ट जुळत नाही. पेव्हर ब्लॉकसारखी घरची खूण त्यात नसते.

अर्थात पुस्तकावरून प्रामाणिकपणे लिहिणाऱ्याचं उत्तरही असंच मधोमध पडतं. म्हणून मी सरासरीपेक्षा एकेका वाक्याकडे जास्त पाहतो. लेखी उत्तरातल्या कोणत्या वाक्याला बोलण्यात जोडीदारच सापडत नाही? अशी पोरकी वाक्यं सापडली की पुढचे प्रश्न आपोआप तयार होतात.

व्हिडिओचा प्रश्न लेखी प्रश्नासारखाच्या सारखा नसावा, नाहीतर मुलं पाठ करून येतात. मी बाजू बदलून विचारतो: 'तुमच्या घराजवळ पाणी साचतं तिथं हेच कारण लागू होतं का?' समोर वाचून दाखवणाऱ्याचं बोलणं उलट गरजेपेक्षा जास्त जुळतं. शब्दसुद्धा तेच येतात आणि 'परिणामी' तोंडातून बाहेर पडतं. फार उंच आकडाही संशयास्पद, तो याचसाठी.

दुसरा घोटाळा आवाजाचा मजकूर करताना होतो. व्हिस्परसारखी प्रारूपं बोलण्यातले 'म्हणजे', 'अं', अर्धवट सोडलेले शब्द गाळून वाक्य नीटनेटकं करतात. मोठी शांतता आली तर कधीकधी न बोललेलं वाक्यही घालतात. विचार करायला थांबणाऱ्या किंवा अडखळत बोलणाऱ्या मुलावर याचा थेट अन्याय होतो. 'पाणलोट'चं 'पान लोट' झालं की त्या वाक्याचा अर्थच बदलतो. म्हणून तुलनेआधी मजकूर माणसानं आवाज ऐकत एकदा तपासायलाच हवा. चेहऱ्याचा या तुलनेत काही उपयोग नाही, त्यामुळे मजकूर तपासून झाला की व्हिडिओ जपून ठेवायचंही कारण उरत नाही.

तिसरी अडचण साध्या गणिताची आहे. समजा, 300 विद्यार्थ्यांपैकी 30 जणांनी यंत्राकडून उत्तर लिहून घेतलं. पद्धत त्यातले 80 टक्के पकडते, म्हणजे 24. प्रामाणिक 270 जणांपैकी 5 टक्क्यांवरच ती चुकीचं बोट ठेवते, म्हणजे 13 किंवा 14. तुमच्या यादीत आता 38 नावं आहेत आणि त्यातली तिसऱ्या हिश्शाहून जास्त निर्दोष मुलांची आहेत. पद्धत बरी असूनही हे होतं, कारण प्रामाणिक मुलंच मुळात जास्त आहेत. या यादीवरून कुणाचे गुण कापणं मला मान्य नाही. यादीतल्या प्रत्येकाशी पाच मिनिटं बोलावं, इतकंच तिचं काम.

त्या विद्यार्थिनीशी मी तसंच बोललो. तिच्या सहा वाक्यांपैकी पाचांना बोलण्यात जोडीदार होता. शेवटचं पोरकं होतं: 'पूररेषा निश्चित करताना 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराचा विचार व्हावा.' नदीकाठची लाल पूररेषा अशाच पुरावरून आखतात, त्यामुळे वाक्य बरोबरच होतं. मी विचारलं, '100 वर्षांतून एकदा म्हणजे काय गं?'

'म्हणजे आत्ता येऊन गेला ना सर, आता पुढची शंभर वर्षं नाही येणार.'

मग तिनं आपणहून सांगितलं. उत्तर तिनं आधी बोलते तसंच लिहिलं होतं. ते 'शुद्ध मराठीत' करून द्यायला यंत्राला सांगितलं. यंत्रानं शब्द बदलले आणि शेवटी एक वाक्य स्वतःचं जोडलं. ते छान वाटलं म्हणून तिनं राहू दिलं.

100 वर्षांचा पूर म्हणजे कोणत्याही एका वर्षी शंभरात एक शक्यता असलेला पूर. तो यंदा आला म्हणून पुढच्या वर्षीची शक्यता कमी होत नाही. आम्ही गणित मांडलं. एखादं वर्ष कोरडं जाण्याची शक्यता 0.99, सलग तीस वर्षं कोरडी जाण्याची 0.99 चा तिसावा घात, म्हणजे सुमारे 0.74. तीस वर्षांत असा पूर एकदा तरी येण्याची शक्यता 26 टक्के.

दुसऱ्या दिवशी तिनं शेवटचं वाक्य बदललं: 'लाल रेषेच्या आत घर घेऊन तीस वर्षं कर्ज फेडणाऱ्या चार घरांपैकी एकाला कर्ज फिटायच्या आत पूर बघावा लागेल, असं धरून चाला.' चार घरं एकाच नदीकाठी असतील तर पूर चौघांनाही एकदमच दिसेल, एवढी दुरुस्ती मी सुचवली. ती तिनं स्वतःच्या शब्दांत केली.