रवी-चंद्राचा मेळ: टॉलेमीचं सूत्र आणि आपलं गुणमेलन

नाशिकच्या वधू-वर सूचक मंडळांच्या बायोडेट्यात रास, नक्षत्र, चरण, गण, नाडी एवढं हमखास असतं. रवी किती अंशांवर आहे हे मात्र कुणी लिहीत नाही. गुणमेलनाला त्याची गरजच पडत नाही, कारण छत्तीसच्या छत्तीस गुण चंद्रावरून मोजले जातात. सिनॅस्ट्रीत, म्हणजे दोन कुंडल्या एकमेकींवर ठेवून पाहण्याच्या पाश्चात्त्य पद्धतीत, पहिली नजर जाते ती एकाचा रवी आणि दुसऱ्याचा चंद्र यांच्यातल्या अंतरावर. हे अंतर जुळलं की बाकीची भांडणं निभावतात, असं ती पद्धत मानते. या समजुतीचं मूळ अठराशेहून अधिक वर्षं मागे जातं.

अलेक्झांड्रियाच्या टॉलेमीने दुसऱ्या शतकात ‘टेट्राबिब्लॉस’ लिहिला. त्याच्या चौथ्या भागातल्या विवाहाच्या प्रकरणात तो पुरुषाची पत्नी चंद्रावरून पाहतो आणि स्त्रीचा पती रवीवरून. हे कळलं की पुढचं सूत्र आपोआप उलगडतं. दोघांच्या कुंडल्यांतले रवी-चंद्र एकमेकांशी नवपंचम किंवा त्रिएकादश योगात, म्हणजे १२० किंवा ६० अंशांवर असले, तर लग्न टिकतं, असं तो म्हणतो. ते अदलाबदलीने असेल तर अधिक चांगलं, आणि त्यातही पतीचा चंद्र व पत्नीचा रवी यांचा मेळ सर्वांत बळकट. कारण त्याच्या कुंडलीतली ‘पत्नी’ आणि तिच्या कुंडलीतला ‘पती’ इथे थेट एकमेकांना भेटतात. ९० अंशांचा केंद्रयोग, १८० अंशांचा प्रतियोग किंवा एकमेकांना न पाहणाऱ्या राशी असतील तर तो ताटातूट सांगतो.

टॉलेमीचं हे वाक्य टिकण्यापुरतंच आहे, ही बाब बहुतेकांच्या नजरेतून सुटते. लग्नातली गोडी तो वेगळी ठेवतो: शुभ ग्रहांची दृष्टी असेल तर टिकलेलं लग्न सुखाचं, पापग्रहांची असेल तर टिकलेलंच पण कटकटीचं. विसाव्या शतकात ज्योतिषाला मानसशास्त्राची भाषा मिळाली आणि या दोन गोष्टी एकत्र झाल्या. रवी म्हणजे माणसाची दिशा आणि आत्मविश्वास, चंद्र म्हणजे झोप, जेवण, रुसवा आणि घरपण, असं वाचन रुळलं. मग एकाची दिशा दुसऱ्याच्या सवयींना खुपत नसेल, तर एका छताखाली राहणं सोपं जातं, असा अर्थ आला. आज ज्याला टिकाऊ निवांतपणाचा पाया म्हणतात, तो हा. टॉलेमीने न सांगितलेली युती, म्हणजे दोघं जवळजवळ एकाच अंशावर असणं, हीसुद्धा याच काळात यादीच्या डोक्यावर बसली, आणि पतीच्या चंद्राऐवजी पत्नीच्या चंद्रावर भर आला.

युतीची ही आवड किती टिकते, हे मानसशास्त्रज्ञ कार्ल युंगने मोजून पाहिलं. विवाहित जोडप्यांच्या कुंडल्या गोळा करून त्याने १९५२ मध्ये निष्कर्ष छापले. पहिल्या तुकडीत १८० जोडपी होती. युतीला आठ अंशांची सूट धरली, तर पत्नीचा चंद्र पतीच्या रवीजवळ निव्वळ योगायोगाने साधारण आठ जोडप्यांत सापडायला हवा. तो १८ जोडप्यांत सापडला, आणि पन्नास योगांत हाच पहिला आला. दुसऱ्या तुकडीत २२० जोडपी घेतल्यावर पहिला नंबर चंद्र-चंद्र युतीचा लागला, आणि ८३ जोडप्यांच्या तिसऱ्या तुकडीत चंद्र आणि लग्नबिंदू, म्हणजे जन्मवेळी पूर्वेला उगवणारा राशीचा अंश, यांच्या युतीचा. तिन्ही मिळून ४८३ जोडप्यांत आकडे सपाट झाले. युंगनेही हा रवी-चंद्राचा पुरावा मानला नाही. तरी पहिल्या तुकडीचा दाखला आजही एकटाच फिरतो, पुढच्या दोन तुकड्या बाजूला ठेवून.

आता आपल्या पद्धतीशी याचं कुठे जमतं आणि कुठे अडतं, ते एका नमुन्यावर पाहू. आकडे निरयन, म्हणजे आपल्या पंचांगाच्या राशिचक्राचे आहेत. पाश्चात्त्यांचे सायन घेतले तरी दोन ग्रहांमधलं अंतर तेवढंच राहतं, कारण दोन्ही चक्रांतला फरक, म्हणजे अयनांश, दोघांनाही जवळपास सारखाच लागतो.

वर: रवी कन्या १२ अंश, चंद्र मेष २० अंश, भरणी नक्षत्र. वधू: चंद्र कन्या १७ अंश, हस्त नक्षत्र, रवी मकर ३ अंश.

वराचा रवी आणि वधूचा चंद्र यांत पाच अंशांचं अंतर आहे, म्हणजे स्वच्छ युती. उलट बाजूने वराचा चंद्र आणि वधूचा रवी यांत १०७ अंश येतात. नवपंचमाला तेरा अंश कमी, केंद्राला सतरा जास्त, म्हणून तिथे योग नाही. मेळ एकतर्फी आहे. सिनॅस्ट्री वाचणारा म्हणेल की त्याच्या वागण्यात तिला आधार वाटेल, पण त्याच्या मनःस्थितीची दखल तिच्याकडून आपोआप घेतली जाईलच असं नाही.

हीच पत्रिका पंचवटीतल्या गुरुजींसमोर ठेवली तर पहिला शब्द येईल ‘षडाष्टक’. मेषेपासून कन्या सहावी, कन्येपासून मेष आठवी, आणि पंचांगात ही जोडी मृत्युषडाष्टकात मोडते. भकूटाचे, म्हणजे राशींच्या परस्पर अंतराचे, सातही गुण जातात. नाडी वेगळी असल्याने तिचे आठ मिळतात आणि एकूण गुण अठराच्या वर राहतात, तरी स्थळ बहुधा इथेच मागे पडतं. रवीचा विचार झालेलाच नसतो. मला हा दोन पद्धतींचा वाद वाटत नाही, दोघी वेगवेगळे प्रश्न विचारतात: एक चंद्राला चंद्राशी जोडते, दुसरी रवीला चंद्राशी.

खरी खडाखडी नवपंचमावर होते. टॉलेमीला जी १२० अंशांची जागा प्रिय, तिथेच दोन्ही चंद्र असले तर भकूटात शून्य. आणि तो ज्या केंद्रयोगाला घाबरतो, त्या चौथ्या-दहाव्या जोडीला आपल्याकडे पूर्ण सात गुण. शिवाय पाराशरी पद्धतीत रवी आणि चंद्र यांना पूर्ण दृष्टी फक्त सातव्या स्थानावर आहे. त्यामुळे पाश्चात्त्य नवपंचम उचलून गुणमेलनाच्या कागदावर चिकटवणं ही सर्रास होणारी चूक आहे.

दुसरी चूक दीप्तांशांची. युती, प्रतियोग, नवपंचम, केंद्र आणि त्रिएकादश हे सगळे योग आठ अंशांच्या सुटीने दोन्ही बाजूंनी मोजले, तर शंभरातल्या जवळपास अठ्ठावन्न जोड्यांत काही ना काही रवी-चंद्र योग निघतोच. तेव्हा ‘योग आहे’ याला फारसा अर्थ उरत नाही. पाच अंशांच्या आतली युती किंवा प्रतियोग असेल तरच बोलावं. नाशिककरांना हे दोन योग ओळखीचे आहेत: २०१५च्या सिंहस्थात २९ ऑगस्टचं शाही स्नान पौर्णिमेला, म्हणजे प्रतियोगावर झालं, आणि १३ सप्टेंबरचं अमावस्येला, युतीवर.

शेवटी जन्मवेळ. रवी दिवसाला सुमारे एक अंश सरकतो, चंद्र तेरा. नाशिकची स्थानिक वेळ भारतीय प्रमाणवेळेपेक्षा सुमारे ३५ मिनिटं मागे आहे. जुन्या पत्रिकेत या दोन वेळांची गल्लत झाली, तर लग्नबिंदू आठ-नऊ अंशांनी हलतो, चंद्र मात्र जेमतेम तिसऱ्या हिश्श्याएवढा अंश. म्हणून लग्नबिंदूवर बेतलेल्या योगांपेक्षा रवी-चंद्र योग अशा पत्रिकेत जास्त भरवशाचा. वेळ अजिबात माहीत नसेल आणि दुपारी बाराची धरली, तर चंद्र साडेसहा अंश मागे किंवा पुढे असू शकतो. वरच्या वधूचा चंद्र मग साडेदहा ते साडेतेवीस अंशांत कुठेही असेल. कन्या रास आणि षडाष्टक दोन्ही कायम राहतात, पण पाच अंशांची युती एका टोकाला दीड अंशाची होते आणि दुसऱ्या टोकाला साडेअकरा अंशांची, म्हणजे युती उरतच नाही.