दहा-नऊचा हिशेब: ठोसे मोजले तरी निकाल का चुकतो

सिडकोतल्या एका जिल्हास्तरीय स्पर्धेत निळ्या कोपऱ्यातला मुलगा २९-२८ असा जिंकला. लाल कोपऱ्यातल्या मुलाच्या घरच्यांनी मोबाइलवरचं चित्रण दाखवत तक्रार केली की आमच्या पोराचे नऊ ठोसे जास्त लागले आहेत. नंतर आम्ही काही जणांनी ते चित्रण हळू गतीने तीन वेळा पाहिलं. त्यांचा आकडा बरोबर निघाला आणि निकालही नियमात बसणाराच होता. नाशिकमध्ये हा वाद दर स्पर्धेला होतो, म्हणून त्यामागचा इतिहास मांडतो आहे. आपल्याकडे ‘पंच’ म्हणजे निकाल देणाराही आणि ठोसाही. गोंधळ नको म्हणून पुढे निकाल देणाऱ्याला जज आणि पंचला ठोसाच म्हटलं आहे.

हौशी बॉक्सिंगमध्ये पूर्वी प्रत्येक राउंडला वीस गुणांची पद्धत होती. तिच्यावरचा विश्वास उडाला तो १९८८ च्या सोल ऑलिंपिकमध्ये. लाइट मिडलवेट गटाच्या अंतिम फेरीत अमेरिकन मुष्टियोद्ध्याचे ८६ ठोसे लागल्याची नोंद झाली, यजमान कोरियाच्या मुष्टियोद्ध्याचे ३२. तरीही सुवर्ण ३-२ अशा मतांनी कोरियाला मिळालं. हरलेल्यालाच पुढे स्पर्धेतल्या सर्वोत्तम मुष्टियोद्ध्याचा चषक देण्यात आला. ‘मग ठोसेच मोजा’ ही मागणी तिथून जोरात पुढे आली.

ती मागणी मान्य झाली. १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकपासून जजांच्या हातात बटणं आली. पाचपैकी तिघांनी साधारण एका सेकंदाच्या आत एकाच रंगाचं बटण दाबलं तरच तो ठोसा धरला जाई. कागदावर हे अगदी न्याय्य दिसतं, पण पोटावरचा आखूड ठोसा रिंगच्या एकाच बाजूने दिसतो, त्यामुळे तो तीन बटणांपर्यंत पोहोचतच नसे. सलग चार ठोसे लागले तरी बोटं एकदाच चालत. मुष्टियोद्धे हे लवकर शिकले: गार्ड वर, लांबून एक सरळ ठोसा आणि लगेच मागे. २०१२ च्या लंडनमध्ये मणिपूरच्या विश्वविजेतीची उपांत्य लढत ६-११ अशी संपली, ते आकडे याच यंत्राचे. वीस वर्षांत या खेळातली जवळून लढण्याची कला या बटणांनी मारली, असं माझं स्पष्ट मत आहे.

२०१३ मध्ये हौशी बॉक्सिंगने व्यावसायिक रिंगमधली दहा गुणांची ‘मस्ट’ पद्धत घेतली. सगळा घोळ या ‘मस्ट’ शब्दात आहे. बरेच पालक समजतात की दहापैकी गुण मिळतात आणि चांगला खेळला तर आठ, ठीक खेळला तर सहा. तसं नाही. ‘मस्ट’ची सक्ती जजावर आहे: राउंड ज्याने जिंकला त्याला दहा द्यायचेच, मग राउंड कितीही सुमार असो. हरणाऱ्याला नऊ, आठ किंवा सात. म्हणजे जज खेळाला गुण देत नाही, दोघांमधलं अंतर सांगतो. हौशी बॉक्सिंगमध्ये १०-१० लिहिण्याची मुभा नाही. व्यावसायिक लढतीत एकदा खाली पडलं की सहसा १०-८ होतं. आपल्याकडे रेफरीने आठपर्यंत मोजलं म्हणून तेवढ्यावर वेगळा गुण जात नाही.

आता सिडकोची लढत. पहिल्या राउंडमध्ये लालचे २२ ठोसे लागले, निळ्याचे ९. दुसऱ्यात लालचे १०, निळ्याचे १२. तिसऱ्यात ९ आणि ११. एकूण ४१ विरुद्ध ३२, म्हणजे लाल नऊने पुढे. पण दहा-नऊच्या पद्धतीत लालला एक राउंड मिळाला आणि निळ्याला दोन. पहिल्या राउंडमधल्या तेरा ठोशांच्या आघाडीची किंमत एक गुण आणि नंतरच्या दोन-दोन ठोशांच्या आघाडीचीही प्रत्येकी एक गुणच.

निळ्याच्या प्रशिक्षकांनी अचूकतेचा मुद्दा काढला. लालने १५० ठोसे मारले, त्यातले ४१ लागले, म्हणजे सुमारे २७ टक्के. निळ्याने ९२ मारले आणि ३२ लागले, म्हणजे जवळपास ३५ टक्के. आकडे खरे आहेत, पण निळा त्यामुळे जिंकला नाही. हुकलेल्या ठोशाचा गुण कापला जात नाही. एखाद्याने राउंडभर चारच ठोसे मारून तीन लावले तर त्याची अचूकता ७५ टक्के होते. समोरच्याने चाळीस मारून बारा लावले तर ३० टक्के. तरीही राउंड बारा लावणाऱ्याचाच. टक्केवारीचा उपयोग दमछाक ओळखायला होतो. लालची अचूकता पहिल्या राउंडमध्ये ४० टक्के होती, पुढच्या दोन्हींत २० वर आली. मारलेले ठोसे मात्र ५५ वरून ५० आणि ४५ इतकेच कमी झाले. पोरगा हात चालवत होता, पण पाय अंतर कापत नव्हते.

शिवाय मोबाइलवर मोजलेला ‘लागलेला’ ठोसा आणि जजाचा ठोसा एकच नसतो. मुठीचा पुढचा गाठींचा भाग, डोक्याच्या समोर किंवा बाजूला अथवा पट्ट्याच्या वर, मध्ये गार्ड न येता आणि अंगाचं वजन घेऊन लागला तरच तो गुणाचा. हातावर बसलेल्या ठोशाचा आवाज मोठा येतो आणि प्रेक्षकांत ओरडा त्याचाच होतो. टीव्हीवर १९८५ पासून चालत आलेल्या मोजणीतही माणसंच बटणं दाबतात आणि जॅब की जोरदार ठोसा एवढंच वेगळं नोंदवतात. किती जोराने बसला, हे त्या आकड्यात नसतं.

माझ्या मते खरा वाद वेगळाच आहे. पहिला राउंड १०-८ का नाही? नियमाच्या शब्दांत चुरशीच्या राउंडला १०-९, स्पष्ट विजयाला १०-८ आणि संपूर्ण वर्चस्वाला १०-७. बावीस विरुद्ध नऊ हा स्पष्ट विजय नाही तर काय? पण १०-८ लिहायला जज कचरतात, कारण इतर चौघांच्या कार्डांपेक्षा आपलं वेगळं दिसलं तर प्रश्न विचारले जातात. १०-८ दिलं असतं तर दोघेही २८-२८ झाले असते आणि अशा बरोबरीत प्रत्येक जजाला विजेता स्वतः निवडून सांगावा लागतो. निळा तेव्हाही जिंकला असता कदाचित, पण त्या पहिल्या तीन मिनिटांची दखल घेतली गेली असती.

पाच जजांची बेरीज हा आणखी एक फास. २०१६ च्या रिओमध्ये पाचपैकी तिघांचीच कार्डं संगणक निवडत असे. तिथल्या निकालांवरून गदारोळ झाल्यावर पाचही धरायला सुरुवात झाली. २०२१ मध्ये टोकियोत तीच मणिपूरची विश्वविजेती पहिला राउंड १-४ असा हरली, पुढचे दोन्ही ३-२ असे जिंकली आणि लढत मात्र २-३ ने गमावली. आपण जिंकलो असंच तिला वाटत होतं. पण राउंड बहुमताने जिंकला जात नाही, प्रत्येक जज आपल्या कार्डावरच्या तीन राउंडची बेरीज स्वतंत्र करतो. पाच जजांचे तीन-तीन असे पंधरा निर्णय झाले, त्यातले तिच्या वाट्याला सात आले आणि कोलंबियाच्या प्रतिस्पर्ध्याला आठ.

सिडकोच्या त्या पालकांना मी हाच पंधराचा तक्ता कागदावर काढून दाखवला. त्यांनी पहिल्या राउंडच्या रकान्यावर बोट ठेवलं आणि विचारलं, इथे आठ का नाही लिहिलं? माझ्याकडे उत्तर नव्हतं.