पट्टी भरेपर्यंत थांबा

जुन्या कन्सोल आरपीजींमध्ये, म्हणजे नायकाची भूमिका घेऊन खेळायच्या व्हिडिओ गेम्समध्ये, लढाई फेऱ्यांनी चालते. 1986 च्या ड्रॅगन क्वेस्टपासून ही पद्धत रुळली: तुम्ही आज्ञा द्यायची, मग त्या फेरीत प्रत्येकजण एकेक चाल करणार. इथे वेग फक्त आधी कोण हे ठरवतो. कितीही चपळ असलात तरी फेरीत चाल एकच.

1991 मध्ये फायनल फँटसी या गेममालिकेच्या चौथ्या भागाने हे मोडलं. त्याचे एक डिझायनर हिरोयुकी इतो यांची ही कल्पना, आणि ती त्यांना फॉर्म्युला वन शर्यत पाहताना सुचली म्हणतात. या ॲक्टिव्ह टाइम बॅटल पद्धतीत, म्हणजे एटीबीत, प्रत्येक पात्राची एक पट्टी आपापल्या वेगाने भरते आणि भरली की त्याची चाल. चौथ्या भागात ही पट्टी पडद्यावर दिसतच नव्हती. ती पुढच्या भागात दिसू लागली.

समजा, पट्टी 1000 एककांची आहे. दर क्षणाला नायकाची 50 नी भरते, राक्षसाची 25 नी. दोनशे क्षणांत नायकाला 10 चाली मिळतात, राक्षसाला 5. फेऱ्यांच्या खेळात दोघांना सारख्याच मिळाल्या असत्या. म्हणजे वेग आता 'आधी कोण' एवढंच ठरवत नाही, 'किती वेळा' हेही ठरवतो.

पण हे गणित कागदावरचं. पट्टी भरल्यावर तुम्ही यादीत मंत्र शोधत बसता, तेव्हा ती भरलेलीच राहते आणि राक्षसाची मात्र पुढे सरकत असते. दर वेळी विचारात 10 क्षण गेले, तर नायकाची चाल विसाऐवजी तीस क्षणांनी येते: दोनशेत फक्त 6. राक्षसाच्या 5 च. दुप्पट वेगाची सगळी मिजास तुमच्या बोटांनी उतरवली! म्हणूनच या खेळांत 'ॲक्टिव्ह'सोबत 'वेट' हा पर्याय असतो. त्याचं नाव फसवं आहे. सहाव्या भागात, उदाहरणार्थ, मंत्रांची किंवा वस्तूंची यादी उघडली तरच वेळ थांबतो. मुख्य आज्ञांवर रेंगाळलात तर थांबत नाही. खेळ एटीबीचा आहे की फेऱ्यांचा, हे ओळखायचं सोपं आहे: पट्टी भरल्यावर कंट्रोलर खाली ठेवा आणि मार बसतो का पाहा.

आणखी एक गुंता दृश्यांचा. पडद्यावर एका वेळी एकच हल्ला दिसतो, बाकीचे रांगेत थांबतात. नवव्या भागात हल्ल्यांची दृश्यं लांबलचक आहेत आणि ती चालू असतानाही घड्याळ थांबत नाही. त्यामुळे हळूहळू जखम भरणारा रीजेन मंत्र तिथे जरा जास्तच उदार ठरतो, आणि दिलेली आज्ञा अमलात येईपर्यंत परिस्थिती पालटलेली असते.

एटीबीने दोन वेगळ्या गोष्टी एकत्र बांधल्या होत्या: वेगवान पात्राला जास्त चाली, आणि विचाराला दंड. 2001 मध्ये दहाव्या भागाने ही गाठ सोडवली. तिथे पट्टी नाही, पुढच्या चालींची यादी दिसते. चपळ पात्राचं नाव यादीत जास्त वेळा येतं, पण तुम्ही निवांत विचार करत बसलात तरी कुणी हल्ला करत नाही. शिवाय आज्ञा निवडताना यादी कशी बदलेल तेही दिसतं, कारण काही चालींनंतर त्या पात्राचा पुढचा क्रमांक लवकर येतो, काहींनंतर उशिरा. माझ्या मते इतोंच्या कल्पनेतला खरा डावपेच इथेच नीट दिसतो. घाई आवडणाऱ्यांना मात्र हे पटणार नाही.