गुडमन रेषा म्हणजे नेमकी कोणती? शाफ्टच्या फटीग डायग्रामची पार्श्वभूमी

रेल्वेचे ॲक्सल साध्या लोडखाली तुटायला लागले तेव्हा १९ व्या शतकाच्या मध्यात फटीगच्या चाचण्या सुरू झाल्या, आणि १८७४ मध्ये त्या आकड्यांवर एक पॅराबोला बसवला गेला, जो आजही जर्बर म्हणून वापरतात. पण खरा गुंता गुडमनच्या १८९९ च्या सरळ रेषेचा आहे.

त्या मूळ रेषेत एंड्युरन्स लिमिट टेस्ट करून काढायचीच नव्हती. अचानक लावलेला लोड दुप्पट परिणाम करतो हे धरायचं, म्हणजे जास्तीत जास्त स्ट्रेसमध्ये स्ट्रेसची पूर्ण रेंज मिळवली की उत्तर अल्टिमेट स्ट्रेंथ Su इतकं यायला हवं. पूर्ण उलटसुलट बेंडिंगमध्ये +S ते −S रेंज 2S होते, म्हणून 3S = Su, आणि लिमिट आली Su/3. स्टील कुठलंही असो, पृष्ठभाग कसाही असो! पुढे Su/3 च्या जागी त्या पार्टची खरी एंड्युरन्स लिमिट Se बसवली आणि ते झालं मॉडिफाइड गुडमन. आज सगळे ज्याला नुसतं गुडमन म्हणतात ती हीच दुसरी रेषा, आणि माझ्या मते हे नाव सैल वापरणं चुकीचंच आहे, कारण फरक कागदावरचा नाही.

उदाहरण घ्या. शाफ्ट फिरत नाही, बेंडिंग मोमेंट 200 ते 600 N·m होतोय, म्हणजे मीन Mm 400 आणि अल्टरनेटिंग Ma 200. (शाफ्ट फिरत असता आणि लोड एका जागी स्थिर असता तर मीन शून्य झाला असता, इथे बरेच जण घसरतात.) स्टीलची Su 800 MPa, पण हॉट रोल्ड, काळा पृष्ठभाग, त्यामुळे सगळे फॅक्टर लावून Se उरते 160 च्या आसपास. शोल्डरला स्ट्रेस कॉन्सन्ट्रेशनचा फटीग फॅक्टर Kf 1.5, तो फक्त अल्टरनेटिंगला लावलाय, फॅक्टर ऑफ सेफ्टी n 2.

```
d³ = (32n/π)(Kf·Ma/Se + Mm/Su)
```

मॉडिफाइडने कंसात 1875 + 500 येतात आणि व्यास 36.4 मिमी. Se च्या जागी Su/3, म्हणजे 267 टाकले तर 32.1 मिमी. चारच मिमीचा फरक वाटतो, पण घनमूळ फरक लपवतं: 32.1 च्या शाफ्टला खऱ्या Se ने तपासलं तर मागितलेल्या 2 ऐवजी फॅक्टर 1.37 च निघतो.

१९३० मध्ये आलेली सोडरबर्ग रेषा मीनच्या बाजूला Su ऐवजी यील्ड घेते, म्हणून तिच्यात यील्डची काळजी आपोआप येते आणि शाफ्ट थोडा जाड निघतो. गुडमनमध्ये यील्ड वेगळं तपासावं लागतं, विशेषतः मीन मोठा आणि अल्टरनेटिंग छोटा असेल तेव्हा, कारण त्या टोकाला गुडमन रेषा यील्डच्या पलीकडे जाते.